दादरचा साबुदाणा तिप्पट कसा झाला: पुन्हा चालवलेल्या जॉबचं एक प्रकरण

## पार्श्वभूमी

कंपनी मुंबईतली, किराणा मालाची वितरक. कडधान्यं, साबुदाणा, भगर, शेंगदाणे, पोहे असा माल. दादर, वसई, भिवंडी धरून अकरा डेपो. प्रत्येक डेपोचं बिलिंग आपापल्या मशीनवर चालतं आणि रात्री दुकान बंद झालं की दिवसभराच्या बिलांची एक सीएसव्ही फाइल आमच्या सर्व्हरवर एसएफटीपीने येते. दादरच्या फाइलचं नाव `DDR_YYYYMMDD.csv` या धाटणीचं. आत बिलाची एकेक ओळ आणि शेवटी एक बेरजेची ओळ: एकूण ओळी किती, एकूण रक्कम किती.

रात्री अडीच वाजता एक जॉब या अकरा फाइली एकामागून एक उचलायचा आणि पोस्टग्रेसमधल्या `sales_lines` या टेबलात भरायचा. दिवसाला सगळे डेपो मिळून साधारण वीस हजार ओळी, म्हणजे काहीच नाही. सकाळी साडेनऊला विक्रीप्रमुख त्यावरचा डॅशबोर्ड उघडायचे आणि खरेदीवाले त्याच आकड्यांच्या तीन दिवसांच्या सरासरीवर माल मागवायचे.

जॉब लिहिलेला माझाच. दोन वर्षं विनातक्रार चालला होता, म्हणून तो बरोबर आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

## काय घडलं

जुलैचा पाऊस, आषाढी एकादशीच्या आधीचा आठवडा. रात्री भिवंडी डेपोची इंटरनेटची लाइन गेली. जॉब सहा डेपो भरून सातव्या, म्हणजे भिवंडीच्या फाइलची वाट बघत टाइमआउट होऊन पडला. शेड्युलरला सांगून ठेवलेलं होतं की जॉब पडला तर दहा मिनिटांनी पुन्हा चालव. त्याने चालवला, अर्थातच पहिल्या डेपोपासून. सहा डेपो पुन्हा भरले, भिवंडीवर पुन्हा पडला. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी रात्रपाळीतल्या सहकाऱ्याला लाल खूण दिसली. तोवर भिवंडीची लाइन आली होती. त्याने जॉब हाताने चालवला, अकराच्या अकरा डेपो नीट भरले, खूण हिरवी झाली आणि तो घरी गेला. त्याची चूक शून्य. पडलेला जॉब पुन्हा चालवायचा, हे आम्हीच त्याला शिकवलं होतं.

पहिल्या सहा डेपोंची खरी विक्री होती 41.2 लाख, उरलेल्या पाचांची 33.6 लाख, एकूण 74.8 लाख. सहा डेपो तीनदा भरले गेल्यामुळे डॅशबोर्डवर 157.2 लाख दिसले. गंमत अशी, की तो आकडा कुणाला खटकला नाही. आषाढीच्या तोंडावर उपासाचा माल उचलला जातोच. सगळ्या डेपोंचे आकडे बरोब्बर दुप्पट झाले असते तर कुणाला तरी शंका आली असती. इथे सहा तिप्पट आणि पाच जसेच्या तसे, त्यामुळे एकूण गुणोत्तर 2.1 आलं आणि ते सणाच्या मागणीसारखं दिसलं.

दुपारी खरेदी विभागाने दादरला फोन करून विचारलं, साबुदाण्याची आणखी गाडी लावू का. डेपो मॅनेजरचं उत्तर आजही ऑफिसात सांगितलं जातं: "साहेब, तुम्ही सांगताय तेवढा साबुदाणा माझ्या गोडाउनात मावत नाही, मी विकला कुठून?"

## त्या दिवशीची सफाई, आणि पहिला मोह

दुपारी तीनपर्यंत कारण कळलं. माझी पहिली प्रतिक्रिया कुणाचीही असते तीच होती: `SELECT DISTINCT` करू, डबल ओळी गळून पडतील.

नशीब, आधी एका डेपोच्या मूळ फाइलवर करून पाहिलं. दादरच्या फाइलमध्ये 1,846 ओळी होत्या. फाइल एकदाच वाचून `DISTINCT` लावलं तर उरल्या 1,791. म्हणजे 55 ओळी फाइलमध्येच एकसारख्या होत्या, आणि त्या खऱ्या होत्या. काउंटरवरचा मुलगा एक किलोची दोन पाकिटं एकेक करून स्कॅन करतो, तेव्हा बिलात दोन ओळी पडतात: तोच बिल नंबर, तोच माल, तीच रक्कम. `DISTINCT` च्या लेखी ते एकच पाकीट. म्हणजे फुगलेला आकडा दुरुस्त करताना आम्ही गुपचूप कमी झालेला आकडा तयार केला असता. तो सापडणं जास्त कठीण, कारण तो फक्त तीन टक्क्यांनी कमी असतो.

मूळ फाइली आम्ही पुसत नव्हतो, म्हणून वाचलो. त्या दिवसाच्या सगळ्या ओळी उडवल्या आणि अकरा फाइली एकदाच भरल्या. तरी डॅशबोर्ड चुकीचाच! कारण वरच्या बेरजांसाठी एक वेगळं टेबल होतं आणि त्यात जॉब असं करायचा:

```sql
UPDATE daily_totals SET amount = amount + :new_amount
WHERE depot_id = :depot_id AND bill_date = :bill_date;
```

आधीच्या आकड्यात भर घालणारी कुठलीही ओळ पुन्हा चालवली की पुन्हा भर पडणारच. हे टेबल आम्ही त्याच आठवड्यात काढून टाकलं आणि बेरजा `sales_lines` वरून दर वेळी नव्याने मोजणारा मटेरिअलाइज्ड व्ह्यू केला. तो कितीदाही रिफ्रेश करा, बेरीज तीच येते. या प्रकरणातली ही एकमेव सोपी दुरुस्ती.

## समोरचे पर्याय

आता जॉब आयडेम्पोटंट करायचा होता: एकदा चालवा, चारदा चालवा, अर्ध्यात मारून पुन्हा चालवा, टेबलात शेवटी तेच दिसलं पाहिजे.

सगळं टेबल रोज रिकामं करून जुन्या फाइलींसकट पुन्हा भरायचं, हा एक मार्ग. आमच्या आकारमानाला जमलाही असता. पण `TRUNCATE` टेबलावर असं कुलूप लावतं की भरणं संपेपर्यंत वाचणाराही अडकतो, आणि पहाटे पाचला आढावा बघणारे लोक आमच्याकडे आहेत. शिवाय एका भिवंडीच्या लाइनसाठी दोन वर्षांचा डेटा रोज हलवायचा, हे मनाला पटेना.

दुसरा मार्ग अपसर्टचा: `INSERT ... ON CONFLICT DO UPDATE`. ओळ आधीच असेल तर बदल, नसेल तर घाल. बहुतेक जण हाच सुचवतात आणि जिथे प्रत्येक ओळीला स्वतःची पक्की ओळख असते तिथे तो उत्तम आहे. आमच्याकडे ओळख कुठली? बिल नंबर डेपोगणिक वेगळा आणि एप्रिलमध्ये नव्याने सुरू होणारा. जीएसटीच्या नियमातही बिल नंबर एका आर्थिक वर्षापुरताच एकमेव असावा लागतो. म्हणजे डेपो, आर्थिक वर्ष आणि बिल नंबर मिळून बिल ओळखता येतं. बिलातली ओळ मात्र ओळखता येत नाही, कारण फाइलमध्ये ओळ क्रमांकच नव्हता.

तो आम्ही मोजून दिला असता तरी एक अडचण उरत होती. डेपोवाले बिल दुरुस्त करून तीच फाइल सकाळी पुन्हा पाठवतात. पाच ओळींच्या बिलातून एक ओळ रद्द झाली तर नव्या फाइलमध्ये चारच येतात. अपसर्ट त्या चार ओळी बदलतो आणि पाचवी तशीच ठेवतो. नाहीशा झालेल्या ओळीबद्दल त्याला कुणी काही सांगतच नाही.

म्हणून तिसरा मार्ग घेतला: डेटाचा एक ठरावीक तुकडा पूर्ण उडवायचा आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पूर्ण भरायचा. मध्येच काही पडलं तर दोन्ही रद्द, जुना तुकडा जसाच्या तसा. तत्त्वतः निर्णय बरोबर होता. तुकडा म्हणजे काय, हे मात्र आम्ही चुकीचं ठरवलं.

## वसईचं भोक

आम्ही तुकडा ठरवला डेपो आणि बिलाची तारीख. फाइलमध्ये ज्या तारखा दिसतील, त्या तारखांच्या त्या डेपोच्या ओळी उडवायच्या आणि फाइल भरायची. तीनदा चालवून पाहिलं, आकडे हलले नाहीत. आम्ही खूश.

काही आठवड्यांनी वसईच्या सात दिवसांच्या आलेखात एक खड्डा दिसला. रोज सहा लाखांच्या घरात असणारी विक्री एका दिवशी 38 हजार. त्या दिवशी डेपो बंद होता का? नव्हता. झालं होतं असं: 18 तारखेच्या फाइलमध्ये 17 तारखेची तीन बिलं होती. विरारकडे फिरणारा सेल्समन उशिरा परतला, बिलं दुसऱ्या दिवशी चढवली, तारीख मात्र खरी टाकली. जॉबने फाइलमध्ये 17 तारीख पाहिली, 17 चा अख्खा दिवस उडवला आणि त्या जागी ती तीन बिलं ठेवली.

हा जॉब नियमाप्रमाणे आयडेम्पोटंटच होता. शंभरदा चालवला असता तरी 38 हजारच आले असते. पुन्हा चालवल्यावर उत्तर न बदलणं वेगळं आणि उत्तर बरोबर असणं वेगळं, हे मला तिथे कळलं.

मग आम्ही आधीच करायला हवं होतं ते केलं: वसईच्या मॅनेजरला विचारलं की तुमची फाइल म्हणजे नेमकं काय. तो म्हणाला, "त्या दिवशी मशीनमध्ये जे चढलं ते. बिलावर तारीख कुठलीही असो." उत्तर तिथेच होतं. जे एका गठ्ठ्यात येतं, तेच एका गठ्ठ्यात बदललं पाहिजे. प्रत्येक ओळीवर आम्ही `file_date` हा नवा रकाना लावला आणि तुकडा झाला डेपो आणि फाइलची तारीख. बिलाची तारीख आलेखापुरती राहिली. 18 ची फाइल कितीदाही आली तरी 18 च्या फाइलमधून आलेल्या ओळीच बदलतात, मग त्यांवर 17 लिहिलेलं असलं तरी.

फाइलची तारीखही आता फाइलच्या नावातून घेतो. आधी जॉब ती सर्व्हरच्या घड्याळावरून काढायचा आणि सर्व्हर होता यूटीसीवर. रात्री अडीचला तिथे आदल्या दिवसाचे नऊ वाजलेले असतात, त्यामुळे `current_date` योगायोगाने बरोबर यायची. पण आपल्याकडे साडेपाच वाजले की तिकडे तारीख उलटते. जुलैच्या त्या पहाटे आमच्या सहकाऱ्याने आणखी एक चहा घेऊन पाच पस्तीसला जॉब चालवला असता, तर जॉबने अजून न आलेल्या दिवसाची फाइल शोधली असती.

## एकाच वेळी दोन

तिसरा फटका बसला तो मात्र मला खरोखर अनपेक्षित होता. शेड्युलर नव्या मशीनवर हलवला आणि जुन्या मशीनवरची क्रॉनची ओळ काढायची राहिली. रात्री अडीचला दोन्हीकडून तोच जॉब सुटला. सकाळी चार डेपो दुप्पट. उडवणं आणि भरणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असूनही!

विश्वास बसेना, म्हणून टेस्ट डेटाबेसवर दोन टर्मिनल शेजारी शेजारी उघडले आणि दादरची तीच 1,846 ओळींची फाइल आधी एकदा भरून घेतली. पहिल्यात `BEGIN`, मग `DELETE`, मग `INSERT`; `COMMIT` केलं नाही. दुसऱ्यात `BEGIN` करून तोच `DELETE` दिला. तो लटकला, कारण ज्या ओळी त्याला उडवायच्या त्या पहिल्याने धरून ठेवल्या होत्या. पहिल्यात `COMMIT` करताच दुसऱ्या टर्मिनलवर उमटलं:

```
DELETE 0
```

पोस्टग्रेसच्या नेहमीच्या रीड कमिटेड पातळीवर प्रत्येक आदेश सुरू होतो त्या क्षणाचं चित्र बघतो. दुसऱ्या `DELETE` ने चित्र घेतलं तेव्हा टेबलात जुन्या ओळी होत्या. थांबून झाल्यावर त्याने पाहिलं, त्या तर आधीच उडाल्यात, म्हणून सोडून दिल्या. पहिल्याने घातलेल्या नव्या ओळी त्याच्या चित्रातच नव्हत्या. मग दुसऱ्याने आपल्या 1,846 घातल्या आणि टेबलात झाल्या 3,692. दिवस पहिल्यांदाच भरला जात असेल तर आणखी वाईट: उडवायला काहीच नसतं, म्हणून कुणी कुणासाठी थांबतही नाही.

ट्रान्झॅक्शन अर्धवट कामापासून वाचवतं. दोघांना एकामागून एक रांगेत उभं करणं हे त्याचं काम नाही, निदान या पातळीवर तरी नाही. रांग आम्हाला वेगळी लावावी लागली:

```sql
BEGIN;
SELECT pg_advisory_xact_lock(:depot_id, :file_yyyymmdd);
DELETE FROM sales_lines
 WHERE depot_id = :depot_id AND file_date = :'file_date';
INSERT INTO sales_lines
SELECT * FROM stage_file;
COMMIT;
```

दोन पूर्णांकांचं हे कुलूप एका डेपोच्या एका फाइलपुरतंच असतं, म्हणून बाकीचे डेपो अडत नाहीत, आणि ट्रान्झॅक्शन संपलं की ते आपोआप सुटतं. कुलूप हा स्वतंत्र आदेश आहे, हे महत्त्वाचं. दुसरा जॉब कुलपापाशी थांबतो, त्याचा `DELETE` नंतर सुरू होतो, तेव्हा ताजं चित्र घेतो आणि पहिल्याच्या ओळी त्याला दिसतात. `stage_file` हे टेम्प टेबल आहे, प्रत्येक जोडणीचं स्वतःचं. आधी ते सामाईक होतं, म्हणजे दोन जॉबनी तिथेच एकमेकांत फाइली मिसळल्या असत्या.

इथे एक निर्णय घ्यावा लागला. कुलूप मिळालं नाही तर दुसऱ्या जॉबने थांबायचं की परत फिरायचं? `pg_try_advisory_xact_lock` वापरलं की तो लगेच परत फिरतो आणि काम वाचतं. आमच्यातल्या एकाचं मत तेच होतं. पण दुसरा जॉब डेपोने नुकतीच दुरुस्त करून पाठवलेली फाइल घेऊन आला असेल, तर ती तशीच राहील आणि खूण मात्र हिरवी दिसेल. आम्ही थांबणं निवडलं. एक फाइल भरायला काही सेकंद लागतात, थांबण्याची किंमत नगण्य.

## कुलपाच्या मागची कडी

कुलूप फक्त आमच्या जॉबला माहीत. कुणी हाताने `INSERT` केला तर त्याला ते अडवणार नाही. म्हणून टेबलावरच डेपो, फाइलची तारीख आणि फाइलमधला ओळीचा क्रमांक यांवर यूनिक कन्स्ट्रेंट लावला. फाइलमध्ये क्रमांक नव्हता, तो आम्ही वाचताना मोजतो. अपसर्टसाठी हाच क्रमांक कुचकामी होता, कारण दुरुस्त फाइलमध्ये ओळी वरखाली होतात. इथे चालतो, कारण तुकडा नेहमी अख्खा बदलतो आणि जुन्या क्रमांकाशी नवा जुळवायचाच नसतो. दादरची दोन सारखी पाकिटंही दोन वेगळ्या क्रमांकांनी सुखरूप राहतात.

दुसरी कडी रिकाम्या फाइलसाठी. उडवून भरणाऱ्या जॉबला शून्य ओळींची फाइल दिली तर तो प्रामाणिकपणे अख्खा दिवस पुसतो. म्हणून `DELETE` च्या आधी फाइलच्या शेवटच्या ओळीतली संख्या आणि रक्कम वाचलेल्या ओळींशी ताडून बघतो. जुळलं नाही तर जॉब तिथेच थांबतो आणि कालचा डेटा शाबूत राहतो.

## निकाल

चाचणी आता ठरलेली आहे: जॉब तीनदा चालवायचा, `INSERT` चालू असताना प्रोसेस मारून पुन्हा चालवायचा, दोन टर्मिनलवरून एकदम सोडायचा आणि दर वेळी ओळींची संख्या व रकमेची बेरीज तीच आहे का ते बघायचं. दुसऱ्या पावसाळ्यात एका रात्री लाइन येत-जात राहिली आणि जॉब चार वेळा चालला. सकाळी कुणाला काही कळलंसुद्धा नाही. मला लॉग बघून कळलं. रात्रपाळीसाठी सूचना एका ओळीची झाली आहे: शंका आली तर पुन्हा चालवा.

## आज केलं असतं तर

फाइल म्हणजे काय, हे डेपोला पहिल्याच दिवशी विचारलं असतं. वसईचा एक फोन आम्ही काही आठवडे उशिरा केला. दोन टर्मिनलचा प्रयोगही पुस्तकी वाटून टाळला होता; त्याला वीस मिनिटं लागली. कन्स्ट्रेंट मात्र पहिल्या दिवशी लावायला नको होता, असं मला अजूनही वाटतं. तुकडा बिलाच्या तारखेवर असताना तो लावला असता, तर आम्ही तो चुकीच्या रकान्यांवर लावला असता आणि त्यावर निर्धास्त झालो असतो.

एक भोक अजून उघडं आहे. डेपोवाल्याने कालचीच फाइल आजच्या तारखेचं नाव देऊन पाठवली, तर आमच्या लेखी तो नवा गठ्ठा ठरतो. कुलूप, कन्स्ट्रेंट, बेरीज सगळं हिरवं आणि ओळी डबल. गेल्या दिवाळीत एकदा झालंही. म्हणून आता रोज सकाळी एक यादी निघते: एकाच डेपोचा, एकाच आर्थिक वर्षातला तोच बिल नंबर दोन वेगळ्या फाइलींत कुठे दिसतो. जॉब अशी फाइल अडवत नाही, कारण जुनं बिल दुरुस्त होऊन नव्या फाइलमध्ये येणंही शक्य असतं. यादीत दोन-चार नंबर असले तर त्यातलं कुठलं बिल धरायचं ते डेपोला विचारून ठरवतो, शंभर असले तर ती फाइल कालचीच आहे हे फोन न करताही कळतं.